उघड्या डोळ्यांवरची सावली

मंगल कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत नवरीचा मेकअप उरकला की माझ्या खुर्चीसमोर बाकीच्यांची रांग लागते. गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका लग्नात त्या रांगेत पहिल्या दोघी होत्या, नवरीची कॉलेजातली मणिपुरी मैत्रीण आणि नवरीची आई. मैत्रीण हिंदीत म्हणाली, "दीदी, डोळ्यांना काही लावू नका, लावलं की डोळे सुजल्यासारखे दिसतात." दहा मिनिटांनी काकू बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या डोळ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. रंग लावला की मी आजारी दिसते."

दोघींचा अनुभव खरा होता. दोघींवर आधी कुणी ना कुणी तीच ठरलेली पद्धत वापरली होती. पापणीवर फिकट रंग, घडीत मध्यम, बाहेरच्या कोपऱ्यात गडद आणि भुवईखाली चमक. पॅलेटच्या खोक्यामागे छापलेली आकृती हीच असते आणि पार्लरच्या कोर्समध्येही पहिल्यांदा हीच शिकवतात. ती ज्या डोळ्यासाठी आखलेली आहे, त्याला उघडल्यावर स्पष्ट घडी पडते आणि घडीखाली पापणीचा पट्टा दिसत राहतो. या दोघींचे डोळे तसे नव्हते, आणि एकमेकींसारखेही नव्हते.

मैत्रिणीचे डोळे मेकअपच्या भाषेत मोनोलिड. पापणीला घडी नाही. ईशान्य भारतात, लडाखमध्ये आणि पुढे चीन, कोरिया, जपानपर्यंत असे डोळे सहज आढळतात. घडी का पडते हे कळलं की पुढचं सोपं होतं. वरची पापणी उचलणारा एक स्नायू असतो. घडीच्या डोळ्यात त्याचे तंतू पापणीच्या कातडीपर्यंत पोचलेले असतात. डोळा उघडला की ते कातडी आत ओढतात आणि ओढलेल्या जागी घडी पडते. मोनोलिडमध्ये ही पकड नसते किंवा अगदी खाली, केसांच्या जवळ असते, आणि पापणीतला चरबीचा मऊ थर जास्त खालपर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे डोळा उघडताना वरची कातडी सपाट, किंचित फुगीर राहून पापणीच्या केसांपर्यंत खाली येते. मिटलेल्या डोळ्यावर लावलेला रंग या हालचालीत तिच्याखाली झाकला जातो.

काकूंचे डोळे खोल बसलेले. भुवईचं हाड पुढे आलेलं, डोळा त्याच्या मागे, आणि वय चोपन्न असल्यामुळे पापणीच्या वरची चरबी थोडी ओसरलेली. तिथे मुळातच सावली आहे. त्यात भर घालायची आपल्याकडच्या कार्यालयातली रोषणाई. छतातले दिवे थेट डोक्यावर असतात, तो प्रकाश भुवईच्या हाडावर अडतो आणि डोळ्याच्या खोबणीत काळोख पडतो. रंगभूमीवर नटाचे डोळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचावेत म्हणून वरच्या दिव्यांच्या जोडीला समोरून प्रकाश देतात, तो याच कारणासाठी. कार्यालयात समोरचा प्रकाश फक्त कॅमेऱ्यावरच्या दिव्याचा, आणि तोही कॅमेरा तुमच्याकडे वळेल तेवढाच वेळ.

गडद रंग जागा मागे ढकलतो आणि फिकट रंग ती पुढे आणतो. डोळ्यांच्या सगळ्या मेकअपची इमारत या एका गोष्टीवर उभी आहे. मैत्रिणीच्या पापणीवर सावली नव्हती, ती तयार करायची होती. काकूंच्या डोळ्यात सावली होती, फक्त ती चुकीच्या जागी होती आणि सरकवायची होती. "जड" दिसणं दोघींच्या बाबतीत एकाच कारणानं घडलं होतं: डोळे मिटवून रंग लावला होता. मिटलेल्या पापणीवर कुठलीही सावली सुबक दिसते. जग मात्र आपल्याला उघड्या डोळ्यांनी पाहतं.

म्हणून मी रंग उघडण्याआधी आरसा डोळ्यांच्या रेषेत धरते. हनुवटी वर केली की पापणी ताणते आणि नसलेला पट्टा दिसू लागतो. आरसा मांडीवर ठेवून खाली पाहिलं तरी तसंच होतं. घरी स्वतः रंग लावणाऱ्या बऱ्याच जणी नेमक्या याच कोनातून लावतात आणि मग उभं राहून पाहिलं की रंग गेला कुठे असं वाटतं. नजर सरळ समोर, भुवया सैल, चेहऱ्यावर कसलाही ताण नाही, अशा स्थितीत पापणीच्या केसांपासून वरची किती कातडी झाकली जाते ते आधी पाहायचं. मैत्रिणीला तसं बसवून मी तपकिरी पेन्सिलीनं एक बारीक ठिपका ठेवला. मग तिला डोळे मिटायला सांगितलं. ठिपका केसांच्या मुळांपासून साधारण चार मिलीमीटरवर होता. त्याखाली लावलेलं सगळं डोळा उघडल्यावर लपणार, आणि आयलायनरची बारीक रेघ तर पूर्णच नाहीशी होणार. आधी कुणीतरी तिच्या डोळ्यावर ती रेघ दिसेपर्यंत जाड करत नेली होती. शेवटी काळा पट्टाच झाला असणार.

तिच्या डोळ्यांवर पहिलं काम रंगाचं नव्हतंच. घडी नसलेल्या पापणीचे केस बहुधा सरळ खाली झुकलेले असतात. ते डोळ्यावर छत्रीसारखी सावली टाकतात आणि बुबुळाला लागणारा प्रकाश अडवतात. लॅश कर्लरनं मुळाशी, मग मध्यावर, असं दोनदा हलकं दाबलं की केस वर होतात आणि अर्धं काम झालेलं असतं. कर्लरची कमान डोळ्याच्या आकाराला जुळली पाहिजे. जास्त गोल कमानीचा कर्लर अशा पापणीच्या दोन्ही कडांना टोचतो, म्हणून मी थोड्या सपाट कमानीचा वेगळा ठेवला आहे. कर्लर नेहमी मस्कारा लावण्याआधी वापरायचा, नाहीतर कडक झालेले केस तुटतात.

मग अगदी पातळ प्रायमर आणि त्यावर चिमूटभर पावडर. मोनोलिडमध्ये वरची कातडी खालच्या कातडीवर घासत राहते, म्हणून रंग सरकतो आणि वर ठसा उमटतो. थर जितका जाड तितका ठसा लवकर.

रंग एकाच कुळातले तीन घेतले. पहिला तिच्या त्वचेपेक्षा दोन छटा गडद, मॅट, मातकट तपकिरी. मऊ, फुगीर ब्रशनं तो केसांच्या मुळांपासून वर नेला आणि केस व भुवई यांमधल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत येऊ दिला, त्यापुढे नाही. तिच्या डोळ्यावर ते आठ-नऊ मिलीमीटर होतं. निम्म्याच्या वर गडद रंग गेला की फुगीर भागाची पूर्ण कमान रंगते आणि पापणी आणखी सुजलेली दिसते. दुसरा रंग गडद कॉफीचा. तो छोट्या चपट्या ब्रशनं, घासून नव्हे तर दाबून, मुळांपासून त्या ठिपक्याच्या दोनेक मिलीमीटर वरपर्यंत. म्हणजे डोळा उघडल्यावर गडद भागाची फक्त दोन मिलीमीटरची कड दिसणार. ती कड दिसली की डोळ्याला काठ मिळतो. मग ब्रश पुसून, कुठलाही नवा रंग न घेता, फक्त दोन रंगांच्या सीमेवर छोट्या वर्तुळांत फिरवला. इथे बहुतेकांचा हात चुकतो. संपूर्ण पापणीवर ब्रश फिरवत राहिलं की गडद आणि मध्यम मिसळून सगळं एकच मातीचं होतं. सीमा पुसायची, रंग नाही.

अशी खालून वर विरत जाणारी छटा कोरियन मेकअपमध्ये रोजची आहे. तिथे रंगही त्वचेच्या जवळचे आणि पातळ असतात. बाहेरच्या कोपऱ्यात गडद, आत फिकट अशी आडवी छटा मोनोलिडवर चालत नाही असं नाही. पण ती डोळा लांब करते, खोली कमी देते. तिला आधीच लांबट, सुंदर डोळे होते, मग आणखी लांब कशाला करायचे?

तिसरा रंग सॅटिनचा, म्हणजे शिमरइतका झगमगीत नाही आणि मॅटइतका कोरडाही नाही. बोटाच्या टोकानं तो बरोबर बुबुळाच्या वर, वाटाण्याएवढ्या जागी टेकवला. सपाट पृष्ठभागाच्या मध्यावर प्रकाशाचा एक छोटा डाग पडला की डोळ्याला तो भाग गोल वाटतो. चकाकी एवढ्याच जागी हवी. पूर्ण पापणीवर शिमर पसरला तर सगळा फुगीर भाग प्रकाशात पुढे येतो. तिची सुजल्यासारखी दिसण्याची तक्रार तिथूनच आली होती, फोनमधला जुना फोटो तिनं मला दाखवला तेव्हा ते उघड दिसलं.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट होती. कुणीतरी तिच्या पापणीवर, हाडाच्या खाली, गडद तपकिरीची कमान काढून खोटी घडी बनवली होती. हा प्रकार मला पटत नाही आणि त्याचं कारण सौंदर्याच्या मतापेक्षा हालचालीत आहे. खरी घडी पापणी मिटताना उलगडते आणि उघडताना आत जाते. रंगवलेली घडी जागची हलत नाही. समोरून, स्थिर फोटोत ती निभावते. माणूस हसलं, खाली पाहिलं, बाजूला वळलं की पापणीवर एक पट्टा तरंगत राहतो. 1960च्या दशकात लंडनच्या ट्विगीच्या डोळ्यांवर घडीच्या जागी काळी रेघ असायची, पण ती रेघ म्हणूनच दिसावी असा हेतू होता. रंगमंचावर, लांबून पाहिल्या जाणाऱ्या चेहऱ्यावर ती उपयोगी पडते. हातभर अंतरावरून "जेवण झालं का?" विचारणाऱ्या माणसांसमोर नाही. आणि या मुलीचा डोळा दुसऱ्या कुठल्या डोळ्यासारखा दिसावा, हे ध्येय धरायचं मला काहीच कारण नव्हतं.

शेवटी आयलायनरच्या रेघेऐवजी तीच गडद छटा ओलसर ब्रशनं केसांच्या मुळांमध्ये भरली आणि वर पातळ मस्कारा. ती आरशात बराच वेळ पाहत राहिली. मग डोळे मिचकावले, हसली, आणि पुन्हा पाहिलं. तिनं स्वतःहून केलेली ती तपासणी अगदी बरोबर होती.

काकूंना बसवलं तेव्हा मी खिडकीकडचा प्रकाश सोडून त्यांना मुद्दाम छताच्या दिव्याखाली नेलं. ज्या प्रकाशात दिवस जायचा आहे त्यात पाहिल्याशिवाय खोल डोळ्यांचा अंदाज येत नाही. वरून प्रकाश पडताच त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, सगळ्यात गडद डाग दिसला. आपल्याकडे डोळ्यांभोवतीची कातडी बऱ्याच जणींची मुळातच सावळी असते, म्हणजे तिथे सावली आणि काळसरपणा असे दोन थर असतात. काळसरपणावर थेट फिकट कन्सीलर लावला की राखाडी छटा येते. म्हणून आधी नारिंगीकडे झुकणारा करेक्टर, अगदी पातळ, फक्त काळसर जागी, आणि मग त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. एवढ्यानंच काकू म्हणाल्या, "झोप झाल्यासारखी वाटतेय."

पापणीवर त्वचेपेक्षा एक छटा फिकट रंग. एकच छटा, पांढरट रंग सावळ्या चेहऱ्यावर खडूसारखा उठतो. इथे माझी चूक झाली. डाव्या डोळ्यावर मी सवयीनं शिमर लावला आणि लगेच पापणीवरच्या बारीक सुरकुत्या चमकायला लागल्या. शिमरचे कण प्रकाश परतवतात, त्यामुळे प्रत्येक चुणीची कड उजळते आणि तळ गडद राहतो. पातळ, सैल कातडीवर ते फार दिसतं. पुसून पुन्हा सुरुवात करण्याइतका वेळ नव्हता. त्याच छटेचा मॅट रंग चपट्या ब्रशनं वरून दाबून बसवला, आणि चमक फक्त बुबुळाच्या वर तेवढी राहू दिली. उजव्या डोळ्यावर मग सुरुवातीपासूनच तसं केलं.

खोल डोळ्यांची खरी करामत मध्यम रंगाच्या जागेत आहे. आकृतीप्रमाणे तो घडीत जातो. काकूंच्या घडीत आधीच काळोख होता, तिथे तपकिरी घातली की खड्डा आणखी खोल जातो आणि माणूस आजारी दिसतं. त्यांना सरळ समोर पाहायला सांगून मी बोटानं हाडाची खालची कड चाचपली. रंग त्या कडेवर ठेवला, खऱ्या घडीच्या चार-पाच मिलीमीटर वर. त्वचेपेक्षा फक्त एक छटा गडद, पूर्ण मॅट. गडद रंगानं पुढे आलेलं हाड थोडं मागे गेलं, फिकट रंगानं पापणी थोडी पुढे आली, आणि दोन्हींतला फरक कमी झाला. सावली नाहीशी झाली नाही, खोबणीतून उचलून वरच्या कडेवर आणली गेली. तिथे ती डोळ्याचा आकार दाखवते.

हा रंग वरच्या बाजूला भुवईकडे विरू द्यायचा, खाली खोबणीकडे नाही. आतल्या कोपऱ्यापासून डोळ्याच्या एक तृतीयांश भागापर्यंत काहीच गडद नको. नाकालगतची खोबण सगळ्यात खोल असते आणि तिथे गेलेला रंग दोन डोळे एकमेकांजवळ ओढतो. भुवईखाली चमकही नको. हाड पुढे आहेच, त्यावर प्रकाश टाकला की ते कपाळाच्या छज्जासारखं डोळ्यावर येतं. बऱ्याच मुलींना भुवईखालची चमक लावण्याची सवय असते, खोल डोळ्यांसाठी ती पहिल्यांदा सोडायला हवी.

काजळावरून थोडी चर्चा झाली. काकूंनी सोळाव्या वर्षापासून रोज काजळ घातलेलं आणि लग्नात बिनकाजळाच्या राहणं त्यांना अशुभ वाटत होतं. खालच्या पापणीच्या आत पूर्ण काळी रेघ भरली की खोल डोळा आणखी आत जातो, हे मी त्यांना एका डोळ्यावर करून दाखवलं. त्यांना पटलं. मग वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांत काजळ भरलं, ते दिसतं कमी पण केस दाट वाटतात. खाली बाहेरच्या अर्ध्या भागात केसांना लागून तपकिरी पेन्सिल, बोटानं पुसून धूसर केलेली. काजळ घातल्याचं समाधान राहिलं आणि डोळा उघडाही राहिला.

मस्काराचा एक त्रास खोल डोळ्यांना होतो. केस वर वळले की हाडाखालच्या कातडीला टेकतात आणि तासाभरात तिथे काळ्या ठिपक्यांची रांग उमटते. काकूंना मी केसांच्या टोकांना जवळजवळ काहीच लावलं नाही, फक्त मुळांना लावून वाळेपर्यंत त्यांना खाली पाहायला सांगितलं. प्रत्येक केसाभोवती नळीसारखा थर बसवणारा ट्यूबिंग मस्काराही मिळतो. तो तेलानं सरकत नाही आणि काढताना कोमट पाण्यानं निघतो. ज्यांना रोज हा त्रास होतो त्यांनी तोच घ्यावा.

दोन्ही प्रकार एकत्रही येतात. वयानुसार भुवईखालची कातडी सैल होऊन खोल डोळ्यावर उतरते आणि पापणीचा पट्टा झाकला जातो. तेव्हा रंगाची जागा काकूंसारखी वर, हाडाच्या कडेवर, आणि केसांच्या मुळांची गडद कड मैत्रिणीसारखी. पण एखादी पापणी अचानक किंवा एकाच बाजूला खाली आली, बुबुळ झाकू लागली, तर तो रंगाचा विषय उरत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती पाहायला हवी.

दोघींचं झाल्यावर मी त्यांना कार्यालयाच्या मोठ्या दिव्यांखाली नेऊन पाच-सहा फुटांवरून फोनवर फोटो काढले. एक सरळ पाहताना, एक हसताना, एक खाली पाहताना. पहिल्या फोटोत रंग दिसण्याआधी डोळे दिसले तर काम जमलेलं असतं. पापणीवर एखाद्या आकाराची कड आधी दिसली, तर तिथे अजून पुसायचं बाकी आहे. मैत्रिणीच्या तिसऱ्या फोटोत उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला गडद रंगाची सरळ कड निघाली. कोऱ्या ब्रशचे चार फटके मारून ती विरवली.

पाठवणीच्या वेळी काकू लेकीच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. खालची तपकिरी रेघ गालावर थोडी आली, मी ती रुमालानं टिपली. हाडाच्या कडेवरची सावली जागेवर होती.